चौसष्ट मिनिटांचा हॉटस्पॉट

"मोबाईल कंपन्या टीटीएल बघून हॉटस्पॉट पकडतात. टीटीएल म्हणजे टाइम टू लिव्ह. ६४ मिनिटं झाली की कंपनीला कळतं आणि तुमच्या लॅपटॉपमधल्या फाइली पण दिसतात. दर तासाला हॉटस्पॉट बंद करून चालू करा. व्हीपीएन लावा किंवा टीटीएल ६५ करा, मग कुणी पकडू शकत नाही. सगळ्यांना पाठवा."

हा फॉरवर्ड सगळ्यांना गेला आणि सगळ्यांमध्ये माझी मावशीही आली. नातीचा ऑनलाइन क्लास मावशीच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. मावशी घड्याळ लावून बसायची आणि तास भरत आला की हॉटस्पॉट बंद करायची. बाई बोर्डावर गणित सोडवतायत आणि इकडे नात "मला काढलं, मला काढलं" म्हणून ओरडतेय, असं चार दिवस चाललं. मग मला फोन आला, "अरे, हे चौसष्टचे एकशेवीस करून मिळतात का?"

मावशी, ती मिनिटं नाहीतच. नेटवर डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटावर एक आकडा छापलेला असतो, तोच टीटीएल, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्यावर आला की पाकीट फेकून देतात, म्हणजे रस्ता चुकलेलं पाकीट जन्मभर गोल गोल फिरत राहत नाही. नाव मात्र खरंच काळाचं आहे, एवढं मान्य करतो. इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या १९८१ च्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात हा आकडा सेकंदांतच सांगितलाय (मिनिटांत तिथेही नाही!). पण तिथेच पुढे लिहिलंय की पाकीट सेकंदाच्या आत पुढे गेलं तरी प्रत्येकाने किमान एक वजा करायचाच. त्यामुळे प्रत्यक्षात मोजले जातात ते टप्पे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीनंतर आलेल्या आयपीव्ही६ मध्ये तर नावच बदलून हॉप लिमिट केलं.

आता पकडणं कसं होतं ते बघा. अँड्रॉइड आणि आयफोन स्वतःची पाकिटं ६४ आकडा टाकून सोडतात, विंडोज १२८ टाकून. फोनची स्वतःची पाकिटं कंपनीकडे ६४ नेच पोचतात. हॉटस्पॉट चालू असला की फोनच राउटर होतो, लॅपटॉपच्या पाकिटातून एक वजा करतो आणि कंपनीला १२७ दिसतो. मॅक असेल तर ६३. हे पहिल्याच पाकिटाला कळतं, चौसष्टाव्या मिनिटाची वाट कोण बघतंय? बंद करून चालू केलं तर नवं पाकीटही १२७ चंच.

लॅपटॉपवर स्वतः बघायचं असेल तर:

```
ping 127.0.0.1
```

विंडोजवर `TTL=128` दिसेल, तो तुमचा आकडा. लोक `ping 8.8.8.8` करून ११७ वगैरे बघतात आणि घाबरतात. तो समोरून परत आलेल्या पाकिटाचा आकडा आहे, तुमचा नव्हे.

फाइलींचं सोडा. आकडा पाकिटाच्या बाहेर असतो, तो वाचायला आत डोकवावं लागत नाही.

व्हीपीएनने आतला मजकूर झाकला जातो. पण लॅपटॉपवर व्हीपीएन लावलात तर बाहेरचं पाकीट लॅपटॉपनेच बनवलेलं असतं, म्हणजे आकडा पुन्हा १२७. फोनवर लावलात तर अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटची पाकिटं साधारणपणे त्या व्हीपीएनमधून जातच नाहीत.

राहिला ६५. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगतो. लॅपटॉपने ६५ टाकला तर फोन एक वजा करतो, ६४ उरतो आणि ही एक खूण पुसली जाते. बहुतेक जण मात्र आयपीव्ही४ चा आकडा बदलतात आणि आयपीव्ही६ चा विसरतात. शिवाय खुणा इतरही आहेत. विंडोज नेटला जोडलं गेलं की `www.msftconnecttest.com` ला विचारून बघतं की नेट चालू आहे का. फोन कशाला विचारेल ते? काही कंपन्यांच्या फोनमध्ये तर हॉटस्पॉटसाठी वेगळा एपीएनच, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडायचा वेगळा दरवाजाच ठरवलेला असतो. तिथे फोन स्वतःच सांगून मोकळा होतो, अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या "अनलिमिटेड" प्लॅनवाल्यांच्या कामाचं, कारण तिथे हॉटस्पॉटला बऱ्याचदा वेगळी मर्यादा असते. २०१२ मध्ये तर टेदरिंगची, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देणारी ॲप अडवल्याच्या प्रकरणात व्हेरायझन या मोबाईल कंपनीने तिथल्या दूरसंचार नियामक एफसीसीशी तडजोड करून साडेबारा लाख डॉलर भरले. आपल्याकडच्या बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा डेटा रोजच्या त्याच कोट्यातून जातो. मावशीचाही तसाच जातो, मी तिच्या प्लॅनमध्ये बघितलं.

फॉरवर्डखाली "टीटीएल फिक्सर"ची एक लिंकही होती. मावशीने ती उघडून फाइल डाउनलोड करून ठेवली होती. विंडोजवर चालणारी फाइल होती आणि मावशीकडे फक्त फोन आहे, म्हणून वाचली.