तीस लेख चिकटवले म्हणजे आपला आवाज येत नाही

"तुमचे तीसेक जुने लेख एआयला एकदम द्या, 'माझ्या ओघवत्या शैलीत लिही' म्हणा. मसुदा हुबेहूब तुमचाच येतो."

असा सल्ला मिळाला, तो मी करून पाहिला. आधी त्यातल्या तीस लेखांचं बोलू. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांवर मी लिहितो. जुने तीस लेख दिले, त्यांतले निम्मे २०१९च्या महापुराचे. मग हळदीच्या दरावरच्या मसुद्यातही कृष्णेचं पाणी नि आयर्विन पूल येऊ लागला. नमुन्यातून शैली जाते तसा विषयही जातो, आणि विषय उचलणं यंत्राला सोपं पडतं. म्हणून आता मी चारच नमुने देतो. लेखनप्रकार एकच, बाजारवार्तेचा, पण विषय चार वेगवेगळे.

'ओघवती' या शब्दाने तर नुकसानच होतं. ओघवतं म्हटलं की यंत्र हजारो लेखकांची सरासरी काढतं. मला मिळालं ते असं: 'पावसाच्या सरींनी जणू बाजारपेठेला कवेत घेतले.' असलं वाक्य मी जन्मात लिहिलेलं नाही. वर्णनापेक्षा जोडी दाखवावी. आपल्याच जुन्या परिच्छेदातून कोरडे मुद्दे काढायचे, त्यांच्याखाली मूळ परिच्छेद ठेवायचा आणि शेवटी नवे मुद्दे देऊन जागा रिकामी सोडायची.

```
मुद्दे: पहाटे पाऊस; पोती भिजली; सौदा तासभर बंद
माझा परिच्छेद: पहाटे पाऊस आला. ताडपत्र्या ओढल्या, पण हळदीला पाणी लागलं की लागलं. तासभर सौदा ठप्प.

मुद्दे: आवक वाढली; दर उतरला; शेतकरी माल परत नेतात
माझा परिच्छेद:
```

अशा तीन-चार जोड्या दिल्या की मुद्द्याचं वाक्य करताना मी काय गाळतो, कुठे थांबतो, हे यंत्राला दिसतं. नुसत्या लेखात ते दिसत नाही, कारण तिथे मुद्दे आणि वाक्यं आधीच एकजीव झालेली असतात.

राहिलं 'हुबेहूब'. आपलं कौतुक आपल्यालाच गोड लागतं, त्यामुळे वाचून बरं वाटलं ही काही परीक्षा नव्हे. एक जुना लेख नमुन्यांत न घालता बाजूला ठेवा. त्याचे मुद्दे देऊन मसुदा काढा आणि मूळ लेखाशेजारी ठेवून वाचा. माझ्या बाबतीत पहिले दोन परिच्छेद जुळले. पुढे वाक्यं लांबली, 'करण्यात आले' डोकावू लागलं. लांब मसुद्यात आवाज असाच घसरतो, म्हणून मी एका वेळी एकच परिच्छेद मागतो आणि दर वेळी नमुने पुन्हा देतो.

बोलीचा घोळ याहून चिवट. हमालाच्या तोंडचं 'आलतो' यंत्राने 'आलो होतो' करून टाकलं. बदलू नकोस म्हटल्यावर माझ्या निवेदनातही 'आलतो' पेरलं. अखेर 'बोलीची रूपं फक्त अवतरणात, निवेदन प्रमाण भाषेत' असं लिहून दिलं. तेव्हा बरंचसं सुधारलं, तरी अवतरणं अजून मी हातानेच तपासतो.