आजीवन मोफत कार्डाचे ५९० रुपये हसत कसे भरावेत

नागपुरात बर्डीवरच्या स्टॉलवाल्या पोराने 'लाइफटाइम फ्री' म्हणून कार्ड गळ्यात मारलं, आणि वर्षभराने बिलात वार्षिक शुल्क ५०० अधिक १८ टक्के जीएसटीचे ९०, असे ५९० रुपये लागले. अभिनंदन! हे पैसे कायमचे बँकेकडेच राहावेत, यासाठी थोडी शिस्त पाळा.

तक्रार फक्त फोनवर करा. लेखी दिलं की तारीख पडते, आणि तारीख पडली की बँकेचे उत्तर द्यायचे ३० दिवस मोजायला लागतात. कशाला त्या गरिबांना त्रास? बाई तक्रार क्रमांक सांगू लागली की पेन शोधू नका. दोन-चार दिवसांत 'आपली तक्रार निकाली काढली आहे' असा मेसेज येईल, पैसे मात्र येणार नाहीत. तो मेसेज लगेच उडवा, कारण बँकेने नाही म्हटल्याचा पुरावा तोच. 'लाइफटाइम फ्री' लिहिलेला कार्डमंजुरीचा मेलही सोबतच जाऊ द्या.

शिवाय रागाच्या भरात अख्खं बिल थकवा. बाकीची रक्कम वेळेत भरली तर भांडण ५९० रुपयांपुरतंच उरतं, त्यात काय मजा? विलंब शुल्क लागू द्या, क्रेडिट स्कोअर घसरू द्या.

बँकेच्या वेबसाइटवर तक्रारी बघणाऱ्या मोठ्या साहेबाचा, म्हणजे प्रिन्सिपल नोडल ऑफिसरचा मेल आयडी असतो. तो शोधू नका. लिहायचंच झालं तर तीन पानं लिहा, त्यात बँकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करा; फक्त जुना तक्रार क्रमांक, बिलाची तारीख आणि 'मला ५९० रुपये परत हवेत' हे वाक्य तेवढं लिहायचं विसरा.

मग थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. मे महिन्याच्या उन्हात फाइल घेऊन संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीवर धडका. तक्रार cms.rbi.org.in वर घरबसल्या, फुकट आणि वकिलाशिवाय होते, हे कोणी सांगितलं तरी ऐकू नका. ऑनलाइन करायचीच तर पहिल्याच दिवशी करा. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल, किंवा तिचं उत्तर येण्याआधी आणि ३० दिवस संपण्याआधीच तुम्ही गेलात, तर लोकपाल ती दाखलच करून घेत नाही. इतक्या सहज हरायची सोय दुसरीकडे कुठे आहे?

आमच्या प्रतापनगरच्या काकूंनी मात्र सगळं बिघडवलं. मंजुरीचा मेल, बिल, नोडल ऑफिसरला पाठवलेलं पाच ओळींचं पत्र आणि 'निकाली' वाला मेसेज, असे चार कागद जोडून ३० दिवसांनंतर पोर्टलवर टाकले. लोकपालाचा निर्णय यायच्या आधीच ५९० रुपये खात्यात उलटे जमा झाले. वरून बँकेतून एका साहेबांचा फोन आला, "मॅडम, आधी आम्हाला सांगायचं ना!" काकूंनी वहीतून तारखेसकट तक्रार क्रमांक वाचायला सुरुवात केली, तर दुसऱ्याच क्रमांकाला साहेबांची रेंज गेली.