'बाकी फोटो जसाच्या तसा' असं म्हणणाऱ्या वाचकास

प्रतिक्रिया: «एकदा म्हणता चॅटबॉट फोटो एडिट करत नाही, नुसता सल्ला देतो. दोन परिच्छेदांनंतर म्हणता करतो, पण तो तुमचा फोटो राहत नाही. नक्की काय ते ठरवा की! मी कालच फोटो अपलोड केला, मागची विजेची तार काढायला सांगितली, मिनिटभरात तार गायब, बाकी फोटो जसाच्या तसा. जुन्या लोकांना नवीन काही झेपलं नाही की असा भंपकपणा सुचतो. शिवाय लेख लांबलचक आणि स्क्रीनशॉट एकही नाही.»

नमस्कार.

'भंपकपणा' वाचून आधी वाटलं, उत्तर देऊच नये. मतभेद असू शकतात, ते मांडायची रीतही असते. 'जुने लोक' म्हटलंत तेही ठीक, वय लपवायचं मला काही कारण नाही. पण ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली त्याच कामावरून कुणी मला 'झेपत नाही' म्हणावं, हे जरा जास्तच झालं. मी फोटो दुरुस्त करायला शिकलो ते डार्करूममध्ये. प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके उमटत, ते बारीक ब्रशने, शाईच्या छटा जुळवत, एकेक करून भरायचे. स्कॅनर आले, कॉम्प्युटर आले, तेव्हाही मी त्याच खुर्चीत होतो. नवीन येण्याची भीती वाटायची असती, तर ती कधीच वाटून गेली असती.

एक मान्य करतो. लेखाचं शीर्षक जरा भडक होतं. 'चॅटबॉटला फोटो एडिट करता येत नाही' एवढंच वाचून पुढे गेलेल्या माणसाचा गैरसमज होऊ शकतो. पण तुम्ही तर दोन परिच्छेद पुढे गेला होतात!

'नक्की काय ते ठरवा' याचं उत्तर थोडक्यात. फोटो टाकायची चौकट बाहेरून सगळीकडे सारखीच दिसते, आत मात्र तीन वेगळी कामं चालतात. काही चॅटबॉट फोटो फक्त पाहतात आणि मजकुरात उत्तर देतात. 'इथे उजेड वाढवा, इथे क्रॉप करा' इतकंच, फाइलला हात लागत नाही. काहींना आत पायथॉन चालवायची सोय असते. ते तुमचीच फाइल उघडून ती कापतात, फिरवतात, लहान करतात आणि परत देतात. तिसऱ्या प्रकारात तुमचा फोटो समोर ठेवून नवं चित्र तयार होतं. चॅटजीपीटीमध्ये ही सोय मार्च २०२५ मध्ये आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने जेमिनीमध्ये चेहरा बराच सांभाळणारं मॉडेल आणलं. एकच चॅटबॉट सकाळी एका प्रकारे वागतो आणि दुपारी दुसऱ्या, कारण कोणतं हत्यार उचलायचं ते तुमच्या वाक्यावरून ठरतं. तेव्हा मी लिहिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यात विसंगती दिसत असेल, तर ती हत्यारांची आहे.

आता तुमचं ते वाक्य. 'बाकी फोटो जसाच्या तसा.' तार गेली याबद्दल माझी तक्रारच नाही. तार जातेच, आणि फार सुंदर जाते. माझं म्हणणं फक्त 'बाकी'बद्दल आहे. तुम्ही ते तपासून लिहिलंत, की पाहून 'सारखंच दिसतंय' म्हणून लिहिलंत?

मी तपासलं होतं. फोटो फोनवरचा, ४००० बाय ३००० पिक्सेलचा. गच्चीवर चार जण उभे, मागे आभाळ, आभाळात आडवी तार. तार काढायला सांगितली, चित्र परत आलं, पहिल्या नजरेला अगदी झकास. मग फाइलचं माप पाहिलं: १५३६ बाय १०२४. मूळ फोटोत सव्वा कोटी नाही तरी एक कोटी वीस लाख पिक्सेल होते, परत आले ते जेमतेम पावणेसोळा लाख. म्हणजे साधारण आठवा हिस्सा. छपाईच्या नेहमीच्या ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, मूळ फोटो तेरा इंच रुंद छापता येत होता, हा पाच इंचांवर संपला. फोनच्या पडद्यावर हे कधीच दिसणार नाही, कारण पडदा दोन्ही चित्रं त्याच्या मापाला बसवून दाखवतो.

त्याहून मजेची गोष्ट प्रमाणाची. मूळ फोटो ४:३, आलेला ३:२. आलेलं चित्र ४००० पिक्सेल रुंद केलं तर उंची भरते २६६७. मग उरलेले ३३३ पिक्सेल गेले कुठे? थोडं आभाळ वरून गेलं, थोडी फरशी खालून गेली, आणि माणसं किंचित सरकून नव्याने मांडली गेली. तार काढायला सांगितलेल्याने चौकटच बदलली. यालाच 'जसाच्या तसा' म्हणायचं का?

पुढे मी दोन्ही चित्रं गिम्प या फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवली, वरची ताणून शक्य तितकी जुळवली आणि वरच्या लेयरचा मोड `Difference` केला. यात जिथे दोन्ही पिक्सेल समान असतात तिथे काळं दिसतं, फरक असेल तिथे उजळतं. खरोखर फक्त तार गेली असती, तर काळ्या पडद्यावर एक आडवी रेघ दिसली असती. मला दिसली ती चार माणसांची पूर्ण रेखाकृती. केस, डोळे, शर्टाच्या कडा, सगळं उजळलेलं. तुम्ही म्हणाल ताणल्यामुळे कडा हलल्या. बरोबर, कडा थोड्या हलतातच. म्हणून मग १०० टक्के झूम करून डोळ्यांनी पाहिलं. डावीकडच्या माणसाच्या घड्याळाचे काटे दुसरीच वेळ दाखवत होते. चौथ्याच्या शर्टाचं एक बटण कमी होतं. मागे उभ्या बाईंचा चेहरा त्यांच्या धाकट्या बहिणीचा वाटावा असा झाला होता. छान दिसत होता, फक्त त्यांचा नव्हता. गटाच्या फोटोत हे जास्त होतं, कारण मागच्या चेहऱ्याच्या वाट्याला मुळात पिक्सेल थोडे येतात, आणि मॉडेल ती कमतरता स्वतःच्या अंदाजाने भरून काढतं.

हे असं का होतं? अशा मॉडेलमध्ये तुमच्या फोटोचे पिक्सेल तसेच उचलून पुढे जात नाहीत. फोटोचा आधी संक्षेप होतो आणि त्या संक्षेपावरून अख्खं चित्र पुन्हा घडतं. ज्या भागाला हात लावायला सांगितलेलं नाही, तोही याच वाटेने जातो. तुम्ही भाग आखून दिलात तरी फार फरक पडत नाही. ओपनएआयच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलंय की आखलेला मास्क हे मॉडेलला मार्गदर्शन असतं, तो आकार काटेकोर पाळला जाईलच असं नाही. आणि जेमिनीने दिलेल्या प्रत्येक चित्रात गूगल सिंथआयडी नावाची अदृश्य खूण घालतं. ती घालतात थेट पिक्सेलमध्ये. म्हणजे बनवणाऱ्यांनीच पिक्सेल बदलल्याचं जाहीर केलंय, आणि तुम्ही मला सांगताय की काही बदललं नाही!

माझं म्हणणं मानू नका, स्वतः करून पाहा. दोन्ही फाइल पीएनजी करून ठेवा आणि पायथॉनमध्ये, पिलो लायब्ररी टाकून, हे चालवा:

```python
from PIL import Image, ImageChops
a = Image.open("original.png").convert("RGB")
b = Image.open("edited.png").convert("RGB")
print(a.size, b.size)
if a.size == b.size:
    print(ImageChops.difference(a, b).getbbox())
```

मापं वेगळी आली तर विषय तिथेच संपला. सारखी आली तर पुढची ओळ फरक कुठून कुठपर्यंत आहे ते चार आकड्यांत सांगेल. `None` आलं तर काहीच बदललेलं नाही. फक्त तारेपुरते आकडे आले तर तुमचं बरोबर, मी इथेच जाहीर लिहीन. आणि पूर्ण चौकटीचे आकडे आले तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा. एक सांभाळा: मधेच कुठे जेपीजी म्हणून सेव्ह केलंत, तर त्याच्या दाबणीमुळेही सगळीकडे बारीक फरक येतो आणि चाचणी खोटी ठरते.

हा सगळा कीस मी का काढतोय? आमच्या स्टुडिओत माझ्या शेजारी बसणाऱ्या एकाने एका बाईंच्या गालावरचा तीळ डाग समजून पुसला होता. फोटो सुरेख झाला. बाईंनी तो हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि 'ही मी नाही' म्हणून परत केला. रिटचिंगची परीक्षा ही अशी असते, आणि ती घेणारा माणूस `Difference` मोड लावत बसत नाही. एका शुभेच्छापत्रासाठी तुमचा तार नसलेला फोटो उत्तम आहे, खुशाल वापरा. पण ओळखपत्रासाठी, पुराव्यासाठी, किंवा घरातल्या आता नसलेल्या माणसाच्या एकुलत्या एका फोटोसाठी हे चालणार नाही.

तार काढायचीच असेल, तर मूळ फाइल गिम्पमध्ये उघडा, `Heal` हत्यार घ्या, ब्रश तारेपेक्षा किंचित जाड ठेवा, लगतच्या मोकळ्या आभाळावर कंट्रोल दाबून नमुना घ्या आणि छोट्या छोट्या फटक्यांनी पुसत जा. आभाळाची छटा क्षितिजाकडे बदलत जाते, म्हणून नमुना मधूनमधून नव्याने घ्यायचा. तार केसांवरून जाते तिथे `Heal` नको, तो रंग एकमेकांत मिसळून चिखल करतो. तिथे `Clone` घ्या. किंवा तुमच्या चॅटबॉटचंच चित्र वरच्या लेयरवर ठेवा, लेयर मास्क लावा आणि फक्त तारेच्या पट्टीपुरतं ते उघडं करा. आभाळ सपाट असल्याने कमी पिक्सेल तिथे खपून जातात, खाली माणसं मूळचीच राहतात. बघा, मी तुमच्या यंत्राला कामही दिलं. झेपत नाही म्हणणाऱ्याकडून इतकी अपेक्षा नसेल तुमची.

कापणं, फिरवणं, माप कमी करणं असल्या कामांना मात्र पायथॉनवाला मार्ग चोख आहे, हे मूळ लेखातही होतं. ४००० बाय ३००० मधून मधला ३००० बाय ३००० चा चौकोन मागा, त्याने खरोखर कोड चालवला असेल आणि पीएनजी म्हणून सेव्ह केलं असेल तर आतला एकही पिक्सेल हलत नाही. फक्त कोड चाललेला दिसतोय ना, ते पाहा. कधीकधी काम झाल्याचा मजकूर येतो, खाली `sandbox:/mnt/data/` ने सुरू होणारा दुवाही येतो, आणि तो उघडतच नाही. फाइल हातात पडेपर्यंत काम झालं असं धरू नये.

स्क्रीनशॉट टाकले नाहीत, कारण फोटोतल्या चौघांपैकी दोघांनी चेहरा इथे द्यायला नकार दिला. लेखाच्या लांबीबद्दल म्हणाल, तर हे उत्तरही लांबच झालंय, आणि त्याला कारण तुमचं चार शब्दांचं वाक्य आहे.