समतुल्य बिंदूवरचा सामू ८.७२ का येतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया :
"उदाहरणातले आपले उत्तर मला चुकीचे वाटते. समतुल्य बिंदूला आम्लही संपलेले असते आणि आम्लारीही, मग सामू ७ च यायला हवा, ८.७२ कुठून आला? शिवाय 1.8 × 10⁻⁵ चा pKa मी लॉग टेबलवरून काढला तर ५.२५५३ येतो, आपण ४.७४ लिहिला आहे. लॉगच्या पायऱ्या इतक्या लांबवल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळच वाढतो. सूत्र देऊन उत्तर लिहिले असते तरी पुरे होते."

महोदय,

आपण स्वतः टेबल उघडून आकडेमोड केलीत, म्हणून मीही प्रत्येक पायरी पुन्हा करून पाहिली आणि मगच हे उत्तर लिहीत आहे. प्रश्न असा होता : ०.१० मोलार अॅसेटिक आम्लाचे २५.० मिलिलिटर द्रावण चंबूत आहे, ब्युरेटमध्ये ०.१० मोलार सोडियम हायड्रॉक्साइड आहे आणि अॅसेटिक आम्लाचा Ka 1.8 × 10⁻⁵ आहे. तर समतुल्य बिंदूवर द्रावणाचा सामू किती?

आधी pKa विषयी, कारण तेथे दोष माझ्या लेखनाचाही आहे. टेबलमध्ये १.८ समोर ०.२५५३ मिळतो, आणि १० च्या घातामुळे पूर्णांक भाग उणे ५ येतो. हाताने लिहिताना आपण ५ च्या डोक्यावर आडवी रेघ देतो आणि 'बार पाच' म्हणतो. माझ्या लेखात ती रेघ टंकलेखनात गळाली आणि 5.2553 एवढेच उरले. ते वाचून कोणीही pKa ५.२५५३ मानला असता. परंतु बारचा अर्थ असा आहे की केवळ पूर्णांक भाग ऋण आहे आणि दशांश भाग धनच राहिला आहे, कारण लॉग टेबलमध्ये दशांश भाग नेहमी धनच छापलेला असतो. म्हणून बारची संख्या दोन तुकड्यांत उघडून लिहावी :

log Ka = log 1.8 + log 10⁻⁵
= 0.2553 − 5
= −4.7447
pKa = −log Ka = 4.7447

५.२५५३ हे उत्तर चुकीचे आहे, हे टेबल न उघडताही ओळखता येते. 1.8 × 10⁻⁵ ही संख्या 10⁻⁵ पेक्षा मोठी आहे, त्यामुळे तिचा ऋण लॉग ५ पेक्षा लहानच असला पाहिजे. pKa ५.२५५३ असण्यासाठी Ka सुमारे 5.6 × 10⁻⁶ असावा लागेल, आणि तो आम्लाला दिलेल्या मूल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही.

आता मुख्य मुद्दा. समतुल्य बिंदूला आम्ल आणि आम्लारी संपतात हे खरे, परंतु त्यांच्यापासून तयार झालेला क्षार द्रावणातच असतो, आणि तो पाण्याशी अभिक्रिया करतो की नाही यावर सामू ठरतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले असते तर क्लोराइड आयन पाण्याशी काहीच करत नाही, म्हणून २५ अंश सेल्सिअसला सामू ७ आला असता आणि आपले म्हणणे अक्षरशः बरोबर ठरले असते. अॅसेटिक आम्ल मात्र सौम्य आहे, म्हणजेच अॅसिटेट आयनाला हायड्रोजन आयन धरून ठेवण्याची ओढ आहे. अॅसिटेट हा हायड्रोजन आयन पाण्याकडून थोडासा काढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो :

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻

समतुल्य बिंदूला एकूण आकारमान ५० मिलिलिटर झालेले असते. आम्लाचे २.५ मिलिमोल आता अॅसिटेटच्या रूपात त्यात आहेत, म्हणून संहती C ०.०५० मोलार झाली. पुष्कळ उत्तरपत्रिकांत ही संहती ०.१० च लिहिलेली दिसते. आकारमान दुप्पट झाल्याचे विसरले की पुढचे सर्व लॉग बरोबर असूनही उत्तर ८.८७ येते.

उरते ते हायड्रॉक्साइडची संहती काढणे. Kb हा Kw भागिले Ka, आणि [OH⁻] हे Kb × C चे वर्गमूळ. भागाकार, गुणाकार आणि वर्गमूळ ही तिन्ही कामे लॉगने एका ओळीत होतात, पण चुकाही नेमक्या तेथेच होतात :

log Kb = log 10⁻¹⁴ − log Ka
= −14 − (−5 + 0.2553)
= −9 − 0.2553
= −10 + 0.7447

log C = log 0.050 = −2 + 0.6990

log (Kb × C) = −12 + 1.4437

या ठिकाणी थांबावे. सवयीने विद्यार्थी लगेच दशांश भागातला १ पूर्णांकात मिळवतो आणि बार ११ पॉइंट ४४३७ असे लिहितो. ते चूक नाही. पण पुढच्याच पायरीला २ ने भागायचे आहे आणि ११ विषम आहे. मग काही जण बार विसरून संपूर्ण ११.४४३७ ला २ ने भागतात, ५.७२१९ मिळवतात, तोच pOH समजतात आणि सामू ८.२८ लिहितात. त्याऐवजी −१२ तसाच ठेवला तर भागाकार सरळ होतो :

log [OH⁻] = ½ (−12 + 1.4437)
= −6 + 0.7219
= −5.2781
pOH = 5.2781
pH = 14 − 5.2781 = 8.7219

Ka दोन सार्थ अंकांत दिला आहे, म्हणून सामू दोन दशांश स्थळांपर्यंत, ८.७२. बार ११ आधीच लिहिला गेला असेल तर पूर्णांकातून आणखी १ वजा करावा आणि दशांशात १ मिळवावा, म्हणजे पुन्हा −12 + 1.4437 मिळते.

८.२८ आणि ८.७२ यांतले बरोबर कोणते, हे तपासण्याचा एक सोपा उपाय मी वर्गात नेहमी सांगतो. दशांश भाग ०.७२१९ चा अँटिलॉग ५.२७ आहे, म्हणजे [OH⁻] 5.27 × 10⁻⁶ आहे. pOH ५ आणि ६ च्या मध्ये येणार हे घातावरून कळतेच. पण अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे, ते 10⁻⁶ च्या आधीच्या अंकावरून कळते. १० चे वर्गमूळ ३.१६ आहे आणि त्याचा लॉग बरोबर ०.५. घाताआधीचा अंक ३.१६ पेक्षा मोठा असेल तर pOH चा दशांश भाग ०.५ पेक्षा लहान यायला हवा. ५.२७ हा मोठा आहे, म्हणून ५.२८ बरोबर आणि ५.७२ चूक. हीच कसोटी pKa ला लावून पाहा : १.८ हा ३.१६ पेक्षा लहान आहे, म्हणून दशांश भाग ०.५ पेक्षा मोठा, म्हणजे ४.७४.

वर्गमूळ घेताना अॅसिटेटची संहती घटत नाही असे आपण मानले. तेही रास्त आहे, कारण 5.27 × 10⁻⁶ ला ०.०५० ने भागले तर साधारण साडेनऊ हजारांत एकच अॅसिटेट आयन पाण्याशी अभिक्रिया करतो असे दिसते. एवढ्या थोड्या अभिक्रियेनेही सामू ७ वरून ८.७२ वर जातो, ही लॉग प्रमाणाची किमया आहे.

या अनुमापनात सामू ७ येतोच, मात्र तो समतुल्य बिंदूच्या किंचित आधी. सामू ७ असताना अॅसिटेट आणि उरलेले आम्ल यांचे गुणोत्तर Ka भागिले 10⁻⁷, म्हणजे १८० असते. याचा अर्थ १८१ भागांपैकी १८० भाग आम्ल उदासीन झालेले आहे :

25.0 × 180/181 = 24.86 मिलिलिटर

समतुल्य बिंदूला अजून ०.१४ मिलिलिटर बाकी आहे. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर जेमतेम तीन थेंब. शेवटच्या थेंबाआधी, २४.९५ मिलिलिटरला, सामू ७.४४ असतो, २५.०० ला ८.७२, आणि एक थेंब जास्त पडला की १०.००. फेनॉल्फ्थॅलिनचा रंग साधारण ८.२ ते १० या टप्प्यात बदलतो, म्हणून त्याची गुलाबी छटा याच एक-दोन थेंबांत उमटते. समतुल्य बिंदू खरोखर ७ ला असता तर ही निवड इतकी चपखल ठरली नसती. मिथिल ऑरेंज वापरून पाहिले तर फरक आणखी ठळक दिसतो : त्याचा रंगबदल ४.४ च्या आसपास पूर्ण होतो, आणि या द्रावणात तो सामू साधारण ७.८ मिलिलिटर आम्लारी घातल्यावरच गाठला जातो, जेव्हा दोन तृतीयांशापेक्षा जास्त आम्ल शिल्लक असते.

सूत्राबद्दल आपण लिहिलेत, तर ते सूत्र असे :

pH = 7 + ½ (pKa + log C)

त्यात मूल्ये घातली तर ७ + ½ (४.७४४७ − १.३०१०), म्हणजे तेच ८.७२ येते, आणि ज्याला पायऱ्या समजल्या आहेत त्याने ते वापरण्यास माझी हरकत नाही. पण कंसातली बेरीज पाहा : C कमी होत जाऊन Ka एवढाच झाला की ती शून्य होते, आणि त्याहून कमी झाला की ऋण होते. C = 10⁻⁶ घातल्यास सूत्र सामू ६.३७ देते, म्हणजे सोडियम अॅसिटेटचे द्रावण आम्लधर्मी ठरवते, जे घडणे शक्य नाही. इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रॉक्साइड आयन क्षारापासून आलेल्या आयनांपेक्षा जास्त असतात आणि सूत्रात त्यांची नोंदच नाही. पायरी लिहिली असेल तर [OH⁻] चे मूल्य डोळ्यांसमोर असते, आणि ते 10⁻⁷ पेक्षाही कमी आले आहे हे विद्यार्थ्याला तेथेच दिसते.

मूळ लेखातील गळालेली रेघ मी आजच घातली आहे, आणि तिच्या शेजारी −5 + 0.2553 हे उघडलेले रूपही लिहिले आहे.