लिफ्टची तक्रार अशी करा, की कुणाला तोशीस पडणार नाही

लातुरात औसा रोडच्या बाजूला पाचव्या मजल्यावर तुमचं ऑफिस असेल आणि लिफ्ट दर आठवड्याला रुसत असेल, तर बिल्डिंग मॅनेजरना मेल जरूर लिहा. फक्त जपून लिहा. वाचून त्यांना काही करावं लागेल, असं त्यात काही नको.

'लिफ्ट वारंवार बंद पडते, स्टाफची गैरसोय होते, तरी दखल घ्यावी ही विनंती.' बस. मॅनेजर दखल घेतात, वॉचमन मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच खाली-वर करतो, लिफ्ट चालू. याला दुरुस्ती म्हणतात.

तारीख, वेळ, मजला मात्र चुकूनही टाकू नका. समजा तुम्ही लिहिलंत की सोमवारी 11:10 ला तिसऱ्या मजल्यावर दार मिटायचं आणि परत उघडायचं, आत दिवा-पंखा चालू होता. झाला घोटाळा! मेकॅनिकला जागेवरून कळणार की वीज होती, दुखणं बहुतेक दाराचं आहे. सेन्सरवर धूळ असेल, नाहीतर उंबऱ्याच्या खाचेत गुटख्याची पुडी. (आपल्याकडे पुडी आधी बघावी.) उलट, लाईट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली असं लिहिलंत, तर पंचाईत आणखी मोठी. लाईट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडायचं काम एआरडी नावाच्या बॅटरीवरच्या यंत्राचं असतं. मग ते काय करत होतं, असा प्रश्न निघतो, एआरडी बसवलेलं असलंच तर त्याची बॅटरी मेलेली निघते, आणि नव्या बॅटरीचे पैसे कुणी द्यायचे इथं गाडी अडते.

म्हणूनच एएमसीची, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कराराची, प्रत मागू नका. करार नुसत्या सर्व्हिसिंगचा असेल तर पार्टचे पैसे वेगळे. मेकॅनिक येतो, तेलपाणी करतो, रजिस्टरवर सही घेतो, कोटेशन देऊन जातो. कोटेशन मालकांकडे जातं, मालक पुण्याला मुलाकडे. तोवर स्विच आहेच की.

स्टाफची रडगाणीही नकोत. अकाउंट्सच्या मॅडम गुडघ्याला पट्टा बांधून चढतात, जारवाला वीस लिटरचे जार खालीच ठेवून जातो, हे लिहून काय मिळणार? 2016 साली या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पाच मजल्यांचं कसलं कौतुक सांगता, असं मॅनेजर म्हणतील.

आणि शेवटचं: महाराष्ट्रात लिफ्टसाठी 2017 चा कायदा आहे, तपासणीला सरकारी लिफ्ट निरीक्षक असतात, हे तुम्हाला माहीत असलं तरी पोटात ठेवा. 'निरीक्षक' हा शब्द मेलमध्ये आला आणि प्रत तिकडे गेली, की मॅनेजर स्वतः तुम्हाला फोन करतील, 'अहो, एवढं कशाला' म्हणत चहा पाजतील आणि घाबरून बॅटरीही बसवून टाकतील. मग उशीर झाला की साहेबांना कारण काय सांगणार?