दोरीबाई आणि डायवाले काका

काल दुपारी माझीच पोस्ट मला फॉरवर्ड होऊन आली. खाली नाव भलत्याचंच, मध्ये खणखणीत शिवी, आणि वर मामांचा शेरा: ‘असं लिहायला शीक. दम पाहिजे.’

त्यातली शिवी सोडली तर अक्षर न् अक्षर माझं होतं. आणि मामांना दम दिसला तो नेमका शिवीत.

झालं ते असं. रविवारी, ३ ऑगस्टला, संध्याकाळी सिडकोत दाढी करायला गेलो. श्रावणात निम्मं नाशिक दाढी वाढवतं, तेव्हा दुकान रिकामं मिळेल हा हिशेब. पण तिथे टीव्ही होता आणि टीव्हीवर भारत-इंग्लंड ओव्हल कसोटीचा चौथा दिवस चालू होता, त्यामुळे दाढीवाले कमी आणि बसलेलेच जास्त. माझा नंबर येईपर्यंत तो प्रकार घडला. प्रसिद्ध कृष्णाच्या चेंडूवर ब्रूकने उंच फटका मारला, सीमारेषेजवळ सिराजने झेल घेतला, प्रसिद्धने आनंदाने हात वर केले, आणि सिराजचा पाय मागे दोरीवर पडला. ब्रूक तेव्हा १९ वर होता. हातातली विकेट निसटली आणि वर सहा धावा द्याव्या लागल्या. सिराजने तोंडावर हात घेतला. दुकानात मात्र सगळ्यांची तोंडं सुटली.

मी लगेच फोन काढला. पहिलं वाक्य सुचलं, ‘सिराजने मॅच घालवली.’ हे पुसलं. एक तर मॅच अजून चालू होती. दुसरं म्हणजे या वाक्यात काही दिसतच नाही. सिराजच्या जागी कुणाचंही नाव घाला, कुठल्याही मैदानावर चालेल. माझी एक साधी चाचणी आहे: नाव काढल्यावरही वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, तर ते त्या मॅचचं नव्हे, आपल्या रागाचं असतं. मग लिहिलं, ‘सिराजचं लक्ष कुठे होतं?’ हेही खोटं. लक्ष चेंडूवर होतं म्हणून तर झेल मिळाला. चुकली ती फक्त मागची जागा. हे ध्यानात आल्यावर विनोद आपोआप माणसावरून उठून जागेवर जाऊन बसला:

‘झेल घेतला. दोन्ही हातांनी घेतला, नीट घेतला. मग एक पाऊल मागे पडलं. ओव्हलच्या दोरीबाईंना एवढंच विचारायचंय, एक वीत मागे सरकून बसला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं?’

मला बरं वाटलं. तेवढ्यात खुर्ची मिळाली. मानेभोवती कापड, गालाला फेस, हात कापडाखाली आणि फोन समोरच्या फळीवर. थोडक्यात, मी कैदी.

शेजारच्या खुर्चीत एक काका डोक्यावर काळा डाय थापून बसले होते. श्रावणात केस कापत नाहीत, पण डाय म्हणजे कापणं नव्हे, असं त्यांनी दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला, न विचारता, सांगितलं होतं. त्यांनी हात लांबवून माझा फोन उचलला, चष्मा डायला लागू नये म्हणून भिंगासारखा हातात धरला आणि पोस्ट मोठ्याने वाचली. दुकानभर शांतता.

“दोरीला कशाला बोलतोस?” काका म्हणाले. “दोरी काय खेळते?”

मी “म्ह्म्” म्हणालो. ओठाशी वस्तरा होता.

“त्याला झापायला पाहिजे. हे थांब, माझ्याकडे आहे.” त्यांनी आपला फोन काढून तयार मजकूर वाचून दाखवला. तो इथे लिहीत नाही. आई, धर्म, पगार आणि देश सोडून जाण्याचा सल्ला, सगळं एकाच दमात. गंमत म्हणजे एका ठिकाणी अर्शदीपचं नाव तसंच राहिलं होतं. २०२२ च्या आशिया चषकात त्याच्या हातून आसिफ अलीचा झेल सुटला, तेव्हाचा हा मजकूर! तीन वर्षं मुरवलेला.

“काका, अर्शदीप या मॅचमध्ये खेळत नाहीये,” दाढी करणारा पोरगा म्हणाला.

“नाव बदलता येतं रे. राग तोच आहे.”

माझी चाचणी काकांनी स्वतःच्या तोंडाने, उलट्या बाजूने सिद्ध केली, आणि मला हसताही येईना, कारण वस्तरा आता गळ्याशी होता.

मग ते इंग्रजांकडे वळले. तिथल्या प्रेक्षकांना काहीतरी कोहिनूरचं ऐकवायला हवं, असा त्यांचा आग्रह. कोहिनूर परत हवा हे मलाही मान्य आहे, पण तो फाइन लेगला पडलेला नाही. समोरच्या पाठीराख्यावर विनोद करायचा तर तो त्यालाही हसत पुढे पाठवावासा वाटला पाहिजे. हे बोलायला तोंड मोकळं होईपर्यंत काकांनी माझी पोस्ट स्वतःला पाठवून घेतली होती. मधे एक वाक्य आपलं, शेवटी नाव आपलं, आणि मग ती चाळीस-पन्नास ग्रुपांना. ते सगळं काल फिरून मामांपर्यंत पोचलं.

ब्रूकने पुढे १११ केल्या. काकांची शिवी तेवढा वेळ अगदी शहाणी दिसत होती. ब्रूकचा झेल शेवटी कुणी घेतला? सिराजनेच, आकाशदीपच्या चेंडूवर. पण ते फॉरवर्ड करायला कुणाला वेळ होता?

आणि काल, सोमवारी, इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, चार विकेट हातात. सिराजने स्मिथला काढलं, ओव्हरटनला काढलं, शेवटी यॉर्करवर ॲटकिन्सनचा त्रिफळा. सहा धावांनी जिंकलो, मालिका दोन-दोन. अख्ख्या मालिकेत १८५च्या वर षटकं टाकलेला माणूस, तोही शेवटच्या सकाळी यॉर्कर टाकतो. साडेचारच्या सुमारास काकांचा नवा संदेश आला. श्रावणी सोमवार म्हणून त्र्यंबकेश्वरच्या रांगेत होते. ‘मियाँ भाईवर माझा पहिल्यापासून विश्वास होता. त्र्यंबकराजाची कृपा.’ आदल्या दिवशीच्या शिवीबद्दल चकार शब्द नाही. तो मजकूर मात्र फोनमध्ये असणारच, पुढच्या नावासाठी जागा रिकामी ठेवून.

मी काल सिराजवर लिहिलं नाही. ते सगळेच लिहीत होते. मी इंग्लंडच्या वोक्सवर लिहिलं. खांदा निखळलेला, डावा हात स्वेटरच्या आत बांधलेला, आणि हा माणूस एका हातात बॅट घेऊन अकरावा आला. एकही चेंडू त्याच्या वाट्याला आला नाही, पण धावला, आणि प्रत्येक धावेला तोंड वेडंवाकडं करत धावला. मी लिहिलं, ‘आपण जिंकलो, पण प्रत्येक धावेला वोक्सबरोबर आमच्या घरातल्या चौघांचेही खांदे दुखले.’

मामांनी विचारलं, ‘तू नक्की कुणाकडून आहेस?’

या असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? शिवी दिली की देशभक्त आणि नुसतं नीट पाहिलं की फितूर. लिहायचा कंटाळा येतो कधीकधी, खरंच.

शिवाय रविवारी तो पोरगा ब्रूकचे फटके बघत बघत वस्तरा चालवत होता. माझा डावा कल्ला कानाच्या मध्यापर्यंत आहे आणि उजवा जवळजवळ नाहीच. ऑफिसात आज दोघांनी विचारलं. पैसे पूर्ण घेतले त्याने.