साखरपुड्याच्या फोटोतून बाजूला झालेला माझा भाचा

आज फोंड्याजवळ एका देवळाच्या हॉलमध्ये घरातला साखरपुडा होता. जेवणाआधी फोटोग्राफरने सगळ्या भावंडांना एका ओळीत उभं केलं आणि माझा भाचा हळूच खांबामागे सरकला. मी हात धरून ओढायला गेले तर म्हणाला, "मावशे, म्हाका नाका. हांव फोटोंत बरो दिसना." अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. गेल्या चवथीपर्यंत प्रत्येक फोटोत मध्ये घुसायचा. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून रात्री लिहायला बसलेय. त्याला विचारून लिहितेय, नाव घालणार नाही.

तुम्हाला वाटेल नोकरीचं टेन्शन असेल, मुलगी सोडून गेली असेल. तसं काही नाही. डेटिंग अ‍ॅप. महिना-दीड महिना रोज रात्री अंथरुणात पडून तीसेक राइट स्वाइप. लॅबमधला मुलगा असल्यामुळे मोबाइलच्या नोट्समध्ये रोजची नोंदही ठेवली होती. आज जेवणानंतर हॉलच्या पायऱ्यांवर बसून ती मला दाखवली. 1,150 लाइक, 7 मॅच, म्हणजे सातच जणींनी त्यालाही लाइक केलं, त्यातल्या तिघी बोलल्या, दोघींचं बोलणं तिसऱ्या दिवशी थांबलं. आणि खाली त्याने स्वतःच वजाबाकी करून लिहिलं होतं: नकार 1,143.

ती वजाबाकी बघून मला रडू आलं आणि मग भयंकर राग आला. कारण ती वजाबाकीच चुकीची आहे, आणि आपली हुशार मुलं ती रोज रात्री करून झोपताहेत.

मॅच झाली नाही म्हणजे नकार आला, असं अ‍ॅप कुठेच म्हणत नाही. तू लाइक केलंस, एवढंच घडलं. ते लाइक कामाला यायचं तर समोरचीने अ‍ॅप उघडलं पाहिजे, तिच्या ढिगात तुझं प्रोफाइल वर आलं पाहिजे, तिने ते बघितलं पाहिजे, आणि मग नको म्हटलं पाहिजे. ह्यातली शेवटची पायरी झाली तरच तो नकार. बाकीच्यांनी तुला पाहिलेलंच नाही.

आणि गोव्यात तर ही गोष्ट आणखी वेगळी आहे, हे आपल्या मुलांच्या लक्षातच येत नाही. इथे शुक्रवारी संध्याकाळी उतरलेली माणसं रविवारी रात्री परत जातात. त्यांनी अ‍ॅप उघडलं की त्यांचं ठिकाण कळंगूट नाहीतर हणजुणे दिसतं, आणि पुढच्या वेळी उघडेपर्यंत तेच राहू शकतं. म्हणजे मंगळवारी रात्री फोंड्यात पडल्या पडल्या हा जिला लाइक करतोय ती केव्हाच पुण्याला आपल्या ऑफिसात बसलीय. पायऱ्यांवर बसून आम्ही त्याच्या ढिगातली पुढची तीस प्रोफाइलं नुसती वाचत गेलो, स्वाइपच्या घाईशिवाय. अकरा जणींनी बायोमध्ये सरळ लिहिलं होतं की रविवारपर्यंतच इथे आहे, किंवा शहराचं नाव दुसरंच होतं. त्याने दीड महिन्यात एकही बायो पूर्ण वाचला नव्हता! फोटो बघायचा, बोट उजवीकडे.

उपाय अगदी साधा होता. त्याचं अंतर 50 किलोमीटरवर ठेवलेलं होतं. अ‍ॅप रस्त्याचं नाही, सरळ रेषेतलं अंतर मोजतं, म्हणजे फोंड्याहून जवळजवळ अख्खा गोवा, किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉटेलांसकट. ते 25 वर आणलं. त्यात मडगाव येतं, पणजी येते, वास्को, वेर्णे, डिचोली येतं. कळंगूट, हणजुणे, मोरजी बाहेर राहतात. कोलवा आत राहतं, राहू दे. त्याखाली फक्त ह्याच अंतरातली माणसं दाखवायचं एक बटण असतं, तेही चालू केलं, नाहीतर जवळची संपली की अ‍ॅप लांबची दाखवायला लागतं. ढीग एकदम लहान झाला. तो घाबरला, "आता चार दिवसांत संपेल." संपू दे. संपलेला ढीग म्हणजे तुझ्यात खोट नाही, तालुका लहान आहे.

संशोधनाचे दाखले देत बसायची मला आवड नाही, पण एक आकडा त्याला सांगितला आणि त्याचा चेहरा बदलला, म्हणून इथेही सांगते. 2016 साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी टिंडरवर मुद्दाम प्रोफाइलं बनवून समोर येईल त्या सगळ्यांना लाइक केलं होतं. पुरुषांच्या प्रोफाइलना मॅच मिळाल्या जेमतेम 0.6 टक्के. 1,150 चे 0.6 टक्के काढा. सात येतात. सात! म्हणजे ज्या आकड्यावरून ह्याने स्वतःला कुरूप ठरवलं, तो आकडा सरसकट लाइक करत सुटणाऱ्या पुरुषाला मिळणारा साधा आकडा आहे. मान्य, तो लंडन आणि न्यूयॉर्कचा प्रयोग होता, फोंड्याचा नाही, आणि वर्षंही बरीच झाली. पण निदान सात मॅच म्हणजे सर्वनाश नव्हे एवढं तरी त्यावरून कळतं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला ते. मुलींच्या शोधात असलेल्या मुलाला त्या अ‍ॅपवर इतर मुलं दिसतच नाहीत. कुणाशी तुलना करायची ते दिसत नाही, म्हणून मन स्वतःच एक प्रतिस्पर्धी तयार करतं. ह्याने पुढचं पाऊल टाकलं. लॅबमधल्या मैत्रिणीला म्हणाला, तुझा फोन दाखव, तिथे मुलं कशी असतात बघू दे. तिने तीन मिनिटांत वीस प्रोफाइलं फिरवून दाखवली. त्या दिवसापासून फोटो बंद.

मी विचारलं, काय काय बघितलंस? म्हणाला, सहा फूट उंची, चोर्ला घाटात बाइक, पिळदार दंड, बंगळूरची नोकरी, गिटार. मी विचारलं, हे सगळं एकाचं? थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, नाही, पाच जणांचं. बरं, मग उरलेले पंधरा? एकही आठवेना. हे नेमकं असंच होतं. भराभर बघताना प्रत्येकाची एकेक ठसठशीत गोष्ट तेवढी लक्षात राहते, आणि मन त्या सगळ्या एकाच अंगावर चढवतं. उंची एकाची, बाइक दुसऱ्याची, पगार तिसऱ्याचा. तो मुलगा कुठल्याच तालुक्यात राहत नाही, आणि माझा भाचा आरशासमोर त्याच्याशी हरतोय.

मैत्रीण साखरपुड्याला आली होती, तिलाच बोलावलं. त्या वीसमधल्या किती जणांना लाइक केलंस? दोघांना. गिटारवाला नाही, बाइकवाला नाही. एकाने लिहिलं होतं की शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात आईसाठी हरमलची मिरची शोधत फिरतो. "त्याला काहीतरी विचारता येत होतं," ती म्हणाली. दिसणं अजिबात महत्त्वाचं नसतं असं मी म्हणणार नाही, असतं. दुसऱ्याला तिने चेहरा बघूनच लाइक केलं होतं, तिने कबूलही केलं. पण वीसातला एक तर मिरचीवर गेला.

मग त्याचं स्वतःचं प्रोफाइल उघडलं. पहिला फोटो चवथीचा. वर गणपतीपुढे टांगलेली रानफळांची माटोळी, खाली तेरा माणसं, मागून ट्यूबलाइट. ह्यातला हा कुठला, हे मला मावशीला शोधावं लागलं. दुसऱ्यात गॉगल. तिसरा फिल्टरने गोरा केलेला, तो महिन्याभरात आत्मविश्वास गेल्यावर टाकलेला. बायो रिकामा. आणि ह्या प्रोफाइलवर त्याने दोनदा पैसे भरून अर्ध्या तासाचं बूस्ट घेतलं होतं! बूस्ट तुमचं प्रोफाइल जास्त लोकांपुढे नेतं, बस्स. त्यात ओळखू न येणारा चेहरा असेल तर जास्त लोक तो ओळखू न येणारा चेहरा बघून पुढे जातात. मॅच येत नाही, पैसेही गेले, आणि मन म्हणतं, बघ, पैसे देऊनसुद्धा कुणी घेईना. ह्याचा मला संताप येतो. आणि वरून घरातले सल्ले: जिम लाव, केस कापून घे, क्रीम लाव. अरे, मुलगा आधीच मोडलाय, त्याला आणखी दुरुस्तीची यादी कशाला देता?

फोटो बदलायचा तो चेहरा बदलण्यासाठी नाही, चेहरा दिसण्यासाठी. उजेड समोरून हवा, डोळे दिसायला हवेत, आणि फोटो दुसऱ्या कुणीतरी चार हातांवरून काढलेला हवा, कारण हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं येतं आणि मुलं ते आपलं खरं नाक समजतात. माटोळीचा फोटो ठेवायचा, पण तिसरा, आणि तो एकटा माटोळी बांधताना. बायोत कात्रे कुठून आणले ते लिही म्हटलं. हा दरवर्षी रानातून स्वतः माटोळीचं सामान आणतो! हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सवयींचं मात्र मी त्याला कडक सांगितलं. रात्री अंथरुणात अ‍ॅप उघडायचं नाही. संध्याकाळी चहानंतर पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, आणि जास्तीत जास्त दहा प्रोफाइलं, प्रत्येकीचा बायो शेवटपर्यंत वाचून. दहाच का, तर पुढे पुढे माणूस बघतच नाही, नुसता झटकतो. टिलबर्ग विद्यापीठातल्या टिला प्रॉन्क ह्यांच्या प्रयोगांत पहिल्या प्रोफाइलपासून शेवटच्यापर्यंत येताना होकाराची शक्यता सरासरी 27 टक्क्यांनी घसरली होती. म्हणजे तुझं प्रोफाइल कुणाच्या ढिगात शेवटी आलं तर तिच्या त्या नको म्हणण्यात आधीच्या ढिगाचाही वाटा असतो. नोटिफिकेशन बंद, ती नोंदवहीही बंद. लिहायचंच तर ह्या आठवड्यात किती जणींशी खरंच बोललो तेवढं लिही.

आणि एक खूण लक्षात ठेवायला सांगितली. अ‍ॅप बंद केल्यावर लगेच हात सेल्फी कॅमेऱ्याकडे गेला, किंवा समोरच्या माणसाच्या फोटोतून आपण बाजूला झालो, की दोन आठवडे प्रोफाइल लपवून ठेवायचं. खातं उडवायचं नाही, लपवायचं. उडवलं की चौथ्या दिवशी नवं काढून पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते, त्याने तेही करून झालं होतं. त्या दोन आठवड्यांतही झोप आली नाही, जेवण गेलं नाही, जगण्याचाच कंटाळा आला तर मात्र मावशीला नाही, डॉक्टरला दाखवायचं.

हो, त्या 1,143 मध्ये काहींनी खरोखर बघून नको म्हटलं असेल. असेलच. त्यांना नको होता.

मघाशी त्याचा मेसेज आला. सहा प्रोफाइलं वाचली, एकीला लाइक केलं, ती शिरोड्याची आहे, तिच्या बायोत झाडांबद्दल काहीतरी आहे. आता अ‍ॅप बंद करून झोपतोय म्हणाला. उद्या रविवार, सकाळी आठला त्यांच्या घरापुढच्या बाल्कांवात ऊन तिरपं येतं तेव्हा फोटो काढायला जातेय. निळा शर्ट इस्त्री करून ठेव म्हटलंय.